तडा गेलेले अलॉय व्हील: वेल्डिंग का नको आणि दुरुस्ती कुठवर चालते

पावसाळ्यात रस्त्यांवर खड्डे पडले की टायरच्या दुकानांत वाकलेली आणि तडा गेलेली अलॉय व्हील्स मोठ्या संख्येने येऊ लागतात. नवे चाक महाग असते आणि जुन्या मॉडेलचे चाक लवकर मिळतही नाही. त्यामुळे गरम करून बेंड काढायचा, तड्यावर वेल्डिंग मारायचे, घासून रंग द्यायचा, हा मार्ग अनेक जण पत्करतात. चाक पुन्हा गोल दिसते, हवा धरते आणि गाडी चालू लागते. पण गोल आकार आणि हवाबंदपणा एवढ्यावर चाकाची मजबुती ठरत नाही. अलॉय व्हीलचे खरे बळ कारखान्यात झालेल्या उष्णतेच्या संस्कारातून येते, आणि वेल्डिंगची किंवा गॅसच्या ज्योतीची उष्णता नेमका तोच संस्कार पुसून टाकते. आकार परत येतो, बळ परत येत नाही. या दुरुस्तीतला सगळा धोका या एका गोष्टीत आहे.

चाकाला बळ कुठून येते

मोटारींची बहुतेक अलॉय व्हील्स ए३५६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि साधारण ०.३ टक्के मॅग्नेशियम असते. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. मॅग्नेशियमचे प्रमाण अगदी किरकोळ वाटते, पण चाकाची ताकद बरीचशी त्याच्यावर अवलंबून असते.

साच्यातून निघालेले चाक तुलनेने मऊ असते. ते भट्टीत सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. या तापमानाला मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घन अॅल्युमिनियममध्येच विरघळून सगळीकडे सारखे पसरतात. नंतर चाक झटकन पाण्यात बुडवून थंड केले जाते, म्हणजे विरघळलेल्या अणूंना पुन्हा गोळा व्हायला वेळ मिळत नाही. शेवटी ते १५० ते १६० अंशांच्या आसपास आणखी काही तास तापवतात. या टप्प्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिशय सूक्ष्म कण धातूभर तयार होतात. धातूचे थर एकमेकांवरून घसरू लागले की हे कण त्यांना अडवतात, आणि त्यामुळे चाक सहजी वाकत नाही. या संपूर्ण प्रक्रियेला टी६ म्हणतात. घडीव, म्हणजे फोर्ज्ड, चाकांचा मिश्रधातू वेगळा असतो, पण त्यांचे बळही अशाच उष्णता-संस्कारातून येते.

हे कण फार नाजूक तोलावर उभे असतात. तापमान दोनशे अंशांच्या वर जाऊन तिथे राहिले, तर ते एकमेकांत मिसळून मोठे आणि विरळ होतात आणि घसरणाऱ्या थरांना पूर्वीसारखे अडवू शकत नाहीत. चाकाचे रूप तसेच राहते, वजनही तेवढेच राहते. तेवढा भाग मात्र मऊ पडलेला असतो.

खड्ड्यात नेमके काय होते

अलॉय व्हीलच्या आऱ्या बहुधा बाहेरच्या तोंडाशी जोडलेल्या असतात. त्यामुळे चाकाच्या पिंपासारख्या भागाची बाहेरची कड आऱ्यांच्या आधाराने घट्ट असते, आणि आतली, म्हणजे गाडीच्या बाजूची कड जवळपास निराधार पुढे आलेली असते. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आपटले की टायर क्षणभर पूर्ण दबतो आणि मार थेट या आतल्या कडेला बसतो. म्हणून बहुतेक बेंड आणि तडे आतल्या बाजूला असतात, आणि गाडीशेजारी उभे राहून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत.

टायरची बाजूची भिंत जितकी बुटकी, तितका हा धोका अधिक. १८५/६५ आर१५ या मापाच्या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. शोभेसाठी त्याच गाडीला २०५/४५ आर१७ बसवले की ती ९२ मिलिमीटरवर येते. मार झेलायला मिळणारी उशी जवळपास पाऊण भागावर येते. हवा कमी असेल तर ती आणखी घटते.

मार बसल्यावर पोलादी चाक बरेच वाकते आणि सहसा तुटत नाही. ओतीव अॅल्युमिनियमची ताणण्याची क्षमता त्या मानाने फार कमी. चाकाच्या कडेला ती काही टक्केच असते. ती मर्यादा ओलांडली की कडेला तडा जातो आणि तो कडेपासून आत, टायर जिथे घट्ट बसतो त्या पट्ट्याकडे सरकतो. या पट्ट्याला बीड सीट म्हणतात.

तडा वाढतो कसा

लहानसा तडा लहानच का राहत नाही, हे समजायला चाकाच्या फेऱ्या मोजाव्या लागतात. २०५/५५ आर१६ मापाच्या टायरचा परीघ सुमारे दोन मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक साधारण ५०० वेळा फिरते. पुणे ते मुंबई या सुमारे दीडशे किलोमीटरच्या प्रवासात ७५ हजार फेऱ्या होतात, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाला एका सेकंदात चौदा. प्रत्येक फेरीत चाकाचा प्रत्येक भाग एकदा गाडीच्या वजनाखाली येतो आणि सुटतो. वळणावर त्यात बाजूच्या ओढीची भर पडते.

प्रत्येक फेरीत तड्याचे टोक किंचित उघडते आणि मिटते, आणि दर वेळी ते कणभर पुढे सरकते. पोलादात ताण एका मर्यादेखाली असेल तर तो कितीही वेळा आला तरी सहसा इजा करत नाही. अॅल्युमिनियमला अशी निश्चित सुरक्षित मर्यादा नाही. ताण कमी असेल तर वेळ जास्त लागतो, एवढेच. तडा सुरुवातीला आठवडेच्या आठवडे हळू वाढतो. मग उरलेला धातू भार पेलायला अपुरा पडला की शेवटचा टप्पा एकाच फेरीत होतो. हवा एकदम जाते किंवा कडेचा तुकडाच उडतो. हे बहुधा वेगात, वळणावर किंवा पुढच्या खड्ड्यात घडते, कारण ताण त्याच वेळी सर्वाधिक असतो.

तडा ओळखायचा कसा

पहिले लक्षण बहुधा हवेचे असते. एकाच चाकातली हवा दर दोन-तीन दिवसांनी उतरते, पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून पाहतो, पण खिळा सापडत नाही. अशा वेळी चाक आतल्या बाजूने नीट धुऊन त्यावर साबणाचे पाणी टाकावे. तड्यातून बारीक बुडबुड्यांची रेघ निघते. दुसरे लक्षण म्हणजे ठरावीक वेगाला जाणवणारी थरथर. पुढचे चाक वाकलेले असेल तर ती स्टिअरिंगमध्ये येते, मागचे असेल तर सीटखाली. बॅलन्सिंग करूनही ती गेली नाही, तर चाक वाकलेले असण्याची शक्यता मोठी.

पूर्ण खात्री करायची तर टायर उतरवावाच लागतो, कारण तड्याचा मोठा भाग टायरखाली दडलेला असू शकतो. त्यानंतर करायची चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. तिला डाय पेनिट्रंट चाचणी म्हणतात. संशयित भागावरचा रंग आणि मळ पूर्ण काढून त्यावर पातळ लाल द्रव फवारतात. तो दहा-पंधरा मिनिटांत तड्यात शिरतो. वरचा द्रव फडक्याने टिपून घेतला आणि पांढरी पूड फवारली की तड्यात अडकलेला लाल रंग वर शोषला जातो, आणि डोळ्याला न दिसलेली फट पांढऱ्या पृष्ठभागावर लाल रेघ होऊन उमटते. ही चाचणी न करता बेंड काढायला घेणे म्हणजे आत तडा आहे की नाही हे न पाहताच धातूवर जोर लावणे होय.

बेंड काढताना काय बिघडते

बेंड दोन प्रकारे काढला जातो: थंड अवस्थेत हायड्रॉलिक जॅकने दाबून, किंवा धातू तापवून नरम करून. दोन्हींत वेगवेगळे धोके आहेत.

थंड धातू एकदा वाकला की त्याच्या ताणण्याच्या क्षमतेचा काही हिस्सा तिथेच खर्च होतो. तो उलट दिशेने सरळ करताना आणखी काही हिस्सा जातो. लोखंडी तार एकाच जागी दोन्हीकडे वाकवत राहिले की अखेर तुटते, तसेच हे आहे. फक्त ओतीव अॅल्युमिनियम तारेपेक्षा फार लवकर हार मानते. त्यातले सिलिकॉनचे कडक कण वाकताना तडकतात आणि सरळ करताना ते सूक्ष्म तडे रुंदावतात. चाक गोल झाल्यावर ते दिसत नाहीत, पण पुढचा मोठा तडा तिथूनच सुरू होतो.

तडकणे टाळण्यासाठी चाक तापवले जाते, आणि इथे दुसरा धोका उभा राहतो. लोखंड तापले की लाल होते आणि कारागिराला त्याच्या रंगावरून अंदाज येतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, ए३५६ तर साडेपाचशे अंशांच्या पुढेच वितळायला लागते, पण तोवर त्याचा रंग बदलत नाही. गॅसच्या ज्योतीखालचा भाग दीडशे अंशांवर आहे की साडेतीनशेवर, हे डोळ्याला कळत नाही. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन चकचकीत अॅल्युमिनियमवर खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. म्हणून जाणकार कारागीर ठरावीक तापमानाला वितळणारे खडू धातूवर ओढतात. खडूची रेघ विरघळली की ज्योत बाजूला घ्यायची. खडू नाही, मोजमाप नाही, नुसतीच ज्योत आणि हातोडा, अशी दुरुस्ती झाली असेल तर त्या जागेचा टी६ संस्कार शाबूत आहे असे कुणीही सांगू शकत नाही. मऊ पडलेली कड पुढच्या खड्ड्यात अधिक सहज वाकते. म्हणूनच काही चाके त्याच जागी पुन्हापुन्हा दुरुस्तीला येतात.

वेल्डिंग आणखी धोक्याचे का

तडा जोडण्यासाठी सहसा टिग वेल्डिंग वापरतात. तड्याच्या जागी ग्राइंडरने खाच पाडायची, आर्गॉन वायूच्या आवरणात सळई वितळवून ती भरायची आणि वरचा उंचवटा घासून टाकायचा. कुशल हाताने केलेले काम दिसायला निर्दोष असते. तरीही त्यात तीन दोष राहतात.

पहिला दोष उष्णतेचा. वेल्ड होताना त्या जागचा धातू वितळतो, म्हणजे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जाते. अॅल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे वेल्डच्या दोन्ही बाजूंचा साधारण २५ मिलिमीटरपर्यंतचा पट्टाही बराच तापतो आणि त्यातले बळ देणारे सूक्ष्म कण बिघडतात. घडीव चाकांत वापरल्या जाणाऱ्या ६०६१-टी६ या मिश्रधातूची ओढून तोडण्याची ताकद सुमारे ३१० मेगापास्कल असते. वेल्डिंगच्या संकेतांत जोडाजवळ ती १६५ धरतात. म्हणजे जवळपास निम्मी. ओतीव चाकातही याच कारणाने वेल्डशेजारचा पट्टा मऊ पडतो. म्हणून वेल्ड केलेले चाक पुन्हा तडकते, तेव्हा तडा अनेकदा वेल्डमधून न जाता त्याच्या काठाला समांतर जातो.

दुसरा दोष पोकळ्यांचा. वितळलेले अॅल्युमिनियम घन अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी पट अधिक हायड्रोजन शोषते. तड्यात शिरलेले पाणी, ग्रीस, ब्रेकची धूळ, टायरवाल्याने लावलेले साबणपाणी, जुना रंग, या सगळ्यांतून हायड्रोजन सुटतो. धातू थिजताना तो बाहेर पडू पाहतो आणि अडकून बारीक बुडबुडे करतो. रस्त्यावर काही वर्षे फिरलेल्या चाकाचा तडा आतपर्यंत स्वच्छ करणे फार कठीण असते. शिवाय अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर वितळतो. तो नीट काढला नाही तर त्याचे पापुद्रे जोडात अडकतात आणि ती जागा नुसती चिकटल्यासारखी राहते. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. ते पाहायला एक्स-रे लागतो.

तिसरा दोष अडकलेल्या ताणाचा. वेल्ड थंड होताना आकसते, पण आजूबाजूचे चाक घट्ट असल्याने त्याला आकसू देत नाही. त्यामुळे त्या जागी कायमचा ओढीचा ताण राहतो. गाडीच्या वजनाचा ताण त्यावर चढतो, आणि तडा उघडायला आधीच मदत मिळालेली असते.

मग वेल्डिंगनंतर चाकाला पुन्हा टी६ संस्कार का देत नाहीत? ओतशाळेत विमानाच्या किंवा इंजिनाच्या ओतीव भागांतले दोष वेल्डने भरले जातात, पण ते उष्णता-संस्काराआधी. नंतर भट्टी, एक्स-रे आणि शेवटी यंत्रकाम होते. तयार चाक ५४० अंशांना तापवून पाण्यात बुडवले तर ते वेडेवाकडे होईल. हबवर बसणारे तोंड, बोल्टची छिद्रे, बीड सीट, सगळे पुन्हा लेथवर घ्यावे लागेल, आणि तेवढा जादा धातू तयार चाकावर शिल्लक नसतो. म्हणून दुरुस्तीच्या दुकानात हे होत नाही.

एक चाक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका सेडानचे १६ इंची चाक घेऊ. महामार्गावरच्या खड्ड्यात डावे पुढचे चाक जोरात आपटले. बाहेरून काहीच दिसत नाही. चार दिवसांत हवा ३३ पीएसआयवरून २४ वर येते. साबणाच्या पाण्याने आतल्या कडेला बुडबुडे दिसतात. टायर उतरवल्यावर कड ३ मिलिमीटर आत गेलेली आढळते आणि बेंडच्या मधोमध १५ मिलिमीटरचा तडा दिसतो. डाय पेनिट्रंटची लाल रेघ मात्र २८ मिलिमीटर भरते, म्हणजे तडा कड ओलांडून बीड सीटच्या आत पोचला आहे.

दुकानदार बेंड काढून वेल्डिंग करून देतो. डोळ्याला दिसणाऱ्या १५ मिलिमीटरवरच खाच पाडली, तर तड्याचे खरे टोक तसेच आत राहते आणि वरून वेल्डने झाकले जाते. पूर्ण २८ मिलिमीटरचा तडा खोदून भरला, तर दोन्ही बाजूंचा मऊ पट्टा मिळून सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची कड कमकुवत होते, आणि ती नेमकी अशा जागी की जिथे टायर हवेच्या दाबाने कडेला सतत बाहेर ढकलत असतो. दोन्ही वेळा चाक हवा धरते, बॅलन्सिंग मशीनवर नीट फिरते आणि मालकाला काम झाले असे वाटते.

गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालली तर त्या जागेवर महिन्याला पाच लाख ताणाच्या फेऱ्या होतात. हवा पुन्हा उतरू लागली तर मालकाला निदान इशारा तरी मिळतो. पण वेल्ड हवाबंद राहिला आणि तडा त्याच्या काठाने धातूच्या आत वाढला, तर इशारा मिळतच नाही. या चाकाचा योग्य निर्णय लाल रेघ पाहिली त्याच क्षणी ठरतो: चाक बाद करायचे. नवे मिळेपर्यंत स्टेपनी वापरायची, आणि ती लहान मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळायची. बहुतेक अशा स्टेपन्यांवर ती ताशी ८० किलोमीटर असते.

टायर चढवलेला असताना वेल्डिंग: जीवघेणी चूक

वर सांगितलेला धोका रस्त्यावरचा आहे. आणखी एक धोका दुकानातल्या माणसाच्या जिवाशी थेट जोडलेला आहे. टायर न उतरवता रिमला वेल्डिंग केले किंवा ज्योत लावली, तर आतल्या बाजूला रबर तापून त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात. ते टायरच्या बंद पोकळीत हवेशी मिसळतात आणि पेट घेतात. हा स्फोट साध्या टायर फुटण्यापेक्षा कितीतरी भीषण असतो, आणि कधीकधी तो ज्योत बंद केल्यावर काही वेळाने होतो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली तरी धोका टळत नाही, कारण टायरची कड रिमला चिकटलेलीच असते आणि एवढ्या लहान छिद्रातून दाब पुरेसा वेगाने बाहेर पडत नाही. ट्रक आणि बसच्या मोठ्या टायरांत हा प्रकार सर्वाधिक घातक ठरतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या मोठ्या वाहनांच्या चाकांविषयीच्या नियमांत, तडा गेलेल्या किंवा वाकलेल्या रिमच्या भागांना वेल्डिंग करण्यास, ब्रेझिंग करण्यास किंवा अन्य प्रकारे तापवण्यास स्पष्ट मनाई आहे. टायर पूर्ण उतरवल्याशिवाय रिमला उष्णता लावायची नाही, हा नियम लहान गाडीलाही तसाच लागू पडतो.

मानके आणि उत्पादक काय म्हणतात

भारतात हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी एआयएस-०७३ हे मानक आहे. एआयएस मानके पुण्यातली एआरएआय ही संस्था प्रकाशित करते. नव्या रचनेच्या चाकाला वळणावरचा वाकवणारा भार आणि सरळ चालीतला वजनाचा भार लाखो फेऱ्या सोसावा लागतो, शिवाय आघाताची चाचणी असते. आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय आघात-चाचणीत चाक १३ अंश कलते ठेवून त्याच्या कडेवर शेकडो किलोंचे वजन २३० मिलिमीटरवरून सोडतात. एका मिनिटात टायरमधली सगळी हवा गेली किंवा ठरावीक भागांत आरपार तडा गेला, तर चाक नापास. या चाचण्या अखंड, टी६ संस्कार झालेल्या चाकावर होतात. वेल्ड केलेल्या एकेका चाकाची अशी परीक्षा होऊच शकत नाही, कारण परीक्षेतच ते चाक वापरले जाते. दुरुस्त चाकावर जुना शिक्का दिसत असला, तरी त्या शिक्क्यामागची चाचणी आता त्या चाकाला लागू नसते.

म्हणूनच वाहन-उत्पादक या बाबतीत कडक असतात. जनरल मोटर्सच्या सेवा-पत्रकात वेल्डिंग, वाकवणे, सरळ करणे किंवा पुन्हा लेथवर घेणे यांपैकी कोणत्याही दुरुस्तीला कंपनीची मान्यता नाही. फक्त वरच्या लेपाचे नूतनीकरण चालते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आतल्या कडेचे छोटे तडे वेल्ड करून देणारी दुकाने आहेत, पण ती दुरुस्ती उत्पादकाच्या पाठिंब्याशिवाय, दुकानदाराच्या जबाबदारीवर होते.

कोणती दुरुस्ती चालते

पहिली आणि निर्धोक दुरुस्ती पृष्ठभागाची. फूटपाथला घासून बाहेरच्या कडेवर आलेले ओरखडे एक मिलिमीटरच्या आत असतील, तर ते घासून, प्रायमर आणि रंग देऊन घालवता येतात. यातही पावडर कोटिंगची भट्टी दोनशे अंशांच्या आसपास चालते हे लक्षात ठेवावे. रंग थोडक्या मिनिटांत पक्का करण्याइतकी ती उष्णता एखाद्या वेळेस चालते. पण तेच चाक पुन्हापुन्हा किंवा जास्त वेळ भट्टीत घालू नये.

दुसरी दुरुस्ती सूक्ष्म छिद्रांची. कधीकधी ओतकामातच राहिलेल्या बारीक छिद्रांतून हवा झिरपते. तिथे तडा नाही हे डाय पेनिट्रंटने पक्के झाले, तर आतल्या बाजूने योग्य सीलंट लावून ते बंद करता येते. ही पद्धत काही उत्पादकांनीही सांगितली आहे. तोच सीलंट तड्यावर लावणे मात्र घातक आहे, कारण हवा जाण्याचा इशारा बंद होतो आणि तडा वाढतच राहतो.

तिसरी दुरुस्ती बेंड काढण्याची. उत्पादक तिला सहसा मान्यता देत नाहीत, तरी व्यावसायिक पातळीवर ती काही अटींवर स्वीकारली जाते. बेंड आतल्या कडेचाच आणि थोडा असावा, कड अणकुचीदार दुमडलेली नसावी आणि त्या जागी पूर्वी कधी काम झालेले नसावे. टायर उतरवून, रंग काढून, आधी आणि नंतर दोन्ही वेळा डाय पेनिट्रंट चाचणी व्हावी. दाब हायड्रॉलिक यंत्राने हळूहळू द्यावा, हातोड्याने नव्हे. उष्णता लावलीच तर मोजून लावावी. शेवटी डायल गेजने चाकाचा वेडेवाकडेपणा मोजावा. अनेक कंपन्या अॅल्युमिनियम चाकासाठी तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास मर्यादित ठेवतात. दुरुस्तीनंतर लाल रेघ दिसली तर, कितीही मेहनत झाली असली, तरी चाक बाद.

काही ठिकाणी मात्र कोणतीही दुरुस्ती करू नये. आऱ्यांवरचा तडा, आरी आणि रिम यांच्या सांध्यातला तडा, बोल्टच्या छिद्राजवळचा किंवा हबच्या तोंडाजवळचा तडा, बीड सीटपर्यंत पोचलेला तडा, आणि एकाहून अधिक तडे असलेले चाक हे सगळे भंगारातच जायला हवे. आऱ्या आणि बोल्टची जागा तुटली तर चाक गाडीपासूनच वेगळे होते. मोटरसायकल आणि स्कूटरच्या अलॉय चाकांना तर अधिकच कडक नियम लावावा, कारण दोन चाकांपैकी एक गेले की तोल सावरायला दुसरे काही उरत नाही.

जुने चाक विकत घेताना

बाद झालेली अनेक चाके दुरुस्त आणि रंगीत होऊन जुन्या बाजारात पुन्हा येतात. म्हणून जुने चाक टायर चढवण्याआधी, आतून पाहूनच घ्यावे. आतल्या पिंपावर बाहेरच्यापेक्षा जाड किंवा वेगळ्या छटेचा रंग, ग्राइंडरच्या समांतर रेघा, कडेवर हाताला लागणारा उंचवटा किंवा चपटा भाग, एकाच जागी चिकटवलेली खूप बॅलन्सिंगची वजने, या खुणा आधीच्या दुरुस्तीकडे बोट दाखवतात. चाक बॅलन्सिंग मशीनवर नुसते फिरवून कड एखाद्या स्थिर टोकाशी जुळवली, तर वेडेवाकडेपणा लगेच दिसतो. विक्रेता आतून रंग खरवडून पाहू देत नसेल, तर ते चाक घेऊ नये.

आणि स्वतःचे तडा गेलेले चाक बाद ठरवल्यावर ते तसेच भंगारवाल्याला देऊ नये. कडेला करवतीचा खोल काप घ्यावा किंवा आऱ्या तोडाव्यात, म्हणजे ते वेल्ड होऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली जाणार नाही. अॅल्युमिनियमला भंगारातही चांगला भाव मिळतो, आणि वितळून नव्याने ओतलेला धातू टी६ संस्कार झाल्यावर पुन्हा पूर्ण बळाचा होतो.